मुका मार बोलता कसा करायचा

(कोठडीतली मारहाण, डॉक्टरी तपासणी आणि देखरेख या विषयावर शिबिरात केलेल्या मांडणीचा मजकूर)



गावातून एखाद्याला उचलून नेलं की आपण सगळे ठाण्यासमोर जमतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "केस काय लागली?" प्रश्न बरोबर आहे. पण त्याच्या आधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो आपण फारसा विचारत नाही. तो असा : "डॉक्टरकडं कधी नेलं? आणि डॉक्टरचा कागद कुठं आहे?" आज आपल्याला एवढ्या एकाच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे.

आपल्याकडे एक शब्द आहे, मुका मार. वरून काही दिसत नाही, आत मात्र माणूस मोडलेला असतो. मुका मार मारणाऱ्याला हे माहीत असतं की हा मार बोलत नाही. दोन-चार दिवसांनी सूज उतरते, आठ-पंधरा दिवसांत वळ जातात, आणि कोर्टात उरतं काय? एका बाजूला आपल्या माणसाचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला चार वर्दीवाल्यांचा शब्द. कोठडीत साक्षीदार नसतो. असलाच तर त्यांच्याच खात्यातला असतो. म्हणून अंगावरच्या खुणा जिवंत आहेत तोवर त्या वेळेसकट कागदावर उतरल्या पाहिजेत. मुक्या माराला बोलतं करायचा दुसरा रस्ता नाही.

हे कसं होतं ते एका खऱ्या खटल्यातून बघू. ओरिसातला सुंदरगड जिल्हा. आपल्यासारखाच डोंगर-जंगलाचा, आदिवासींचा. गोंदिया-नागपूरवरून जी मुंबई-हावडा रेल्वे जाते, तिच लाइनीवर तिकडे जराईकेला नावाचं स्टेशन आहे. तिथं एक पोलीस चौकी. १ डिसेंबर १९८७ च्या सकाळी आठच्या सुमारास चौकीच्या जमादाराने चोरीच्या तपासासाठी २२ वर्षांच्या एका पोराला घरून उचललं. रात्री त्याची आई, निलाबती बेहेरा, जेवण घेऊन चौकीवर गेली. पोरगा जेवला. आई घरी आली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास तिला कळलं की पोराचं प्रेत रेल्वेच्या रुळावर पडलं आहे.

पोलिसांचं म्हणणं काय होतं? पोरगा दोरीनं बांधलेला होता. पहाटे तीनच्या सुमारास त्याने दोरी दातानं चावून तोडली, पळून गेला, आणि पळता पळता गाडीखाली सापडला. म्हणजे मेला तेव्हा तो आमच्या ताब्यात नव्हता, असं त्यांचं म्हणणं.

आईने १४ सप्टेंबर १९८८ ला सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. साधं पत्र. कोर्टाने त्या पत्रालाच अर्ज मानलं आणि सुंदरगडच्या जिल्हा न्यायाधीशाला चौकशी करायला सांगितलं. त्या चौकशीत दोन्हीकडच्या साक्षी झाल्या. १९९१ साली अहवाल आला की पोरगा पोलिसांच्या ताब्यात असताना झालेल्या मारानं मेला. सरकारने तो अहवाल मान्य केला नाही, म्हणून सुप्रीम कोर्टाने सगळा पुरावा पुन्हा तपासला.

आता नीट ऐका, पोलिसांची गोष्ट कशाकशानं पडली. एक दोरीनं. चावून तोडली म्हणतात त्या दोरीचे दोन तुकडे तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवले होते. तिथून अहवाल आला की दोन्ही तुकड्यांची टोकं एकमेकांशी जुळत नाहीत. दुसरी गोष्ट पोलिसांच्या वागण्याची. कैदी पळाला तर आधी शोधाशोध होते. इथं शोध घेतल्याचा धड पुरावा नाही, आणि प्रेतापाशीही पोलीस फार उशिरा पोचले. आणि तिसरी, सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पोस्टमार्टेम. ज्या डॉक्टरने प्रेत उघडून पाहिलं, त्या डॉक्टरची साक्ष अशी पडली की अंगावरच्या सगळ्याच जखमा गाडीच्या अपघातानं होणं शक्य नाही, पण लाठीसारख्या बोथट वस्तूच्या मारानं त्या होऊ शकतात. पोलिसांनी एका तज्ज्ञाचा लेखी अभिप्राय पुढे केला, पण तो कागदपत्रं वाचून दिलेला होता. कोर्टाने प्रेत प्रत्यक्ष पाहिलेल्या डॉक्टरचं म्हणणं धरलं.

२४ मार्च १९९३ ला निकाल लागला. आईला दीड लाख रुपये भरपाई द्यायचा हुकूम झाला. आणि त्याहून मोठी गोष्ट कोर्टाने सांगितली. सरकारच्या ताब्यातल्या माणसाचा जीव सरकारच्याच माणसांनी घेतला, तर "आम्ही राज्य आहोत, आमच्यावर दावा चालत नाही" असं म्हणून सरकारला सुटता येणार नाही. आणि आईला दहा वर्षं दिवाणी दाव्यात फिरवायचीही गरज नाही. मूलभूत हक्क मोडला म्हणून कोर्ट थेट भरपाई देऊ शकतं.

या खटल्यातून आपण काय घ्यायचं? हे घ्यायचं की त्या पोराबद्दल एकाच डॉक्टरचा कागद बोलला, आणि तो पोरगा मेल्यावर लिहिलेला होता. १ डिसेंबरच्या सकाळी चौकीत आणल्या आणल्या त्याला डॉक्टरने पाहिलं असतं, "अंगावर एकही जखम नाही" असं लिहून वेळ टाकली असती, तर जमादाराचा हात उचलायच्या आधी थोडा थबकला असता. कारण उद्या जखम दिसली तर ती कधीची हे सांगणारा कागद आधीच तयार आहे. डॉक्टरी तपासणीचा खरा उपयोग हा आहे. ती मार बसल्यानंतर पुरावा देते हे झालंच, पण वेळेवर झाली तर मार बसायच्या आधीच आडवी येते.

त्या काळात कायद्यात ही तपासणी होती, पण अटक झालेल्याने स्वतः मागितली तरच. कोठडीत बसलेला, मारानं घाबरलेला माणूस मागणार कसा? १८ डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टाने डी. के. बसू यांच्या खटल्यात अकरा नियम घालून दिले. त्यात अटकेच्या वेळी अंगावरच्या लहानमोठ्या जखमा कागदावर लिहायच्या आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्यायच्या हे होतं, आणि कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी करायची हेही होतं. पुढे कायदाच बदलला. आज जो नवा फौजदारी प्रक्रियेचा कायदा आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जो १ जुलै २०२४ पासून लागू आहे, त्याचं कलम ५३ लक्षात ठेवा. आकडा लक्षात राहिला नाही तरी चालेल, आत काय आहे ते राहू द्या.

कलम ५३ सांगतं की माणसाला अटक केली की लगेच सरकारी डॉक्टरने त्याला तपासायचं. सरकारी डॉक्टर नसेल तर नोंदणी असलेल्या दुसऱ्या डॉक्टरने. बाई असेल तर बाई डॉक्टरने, किंवा तिच्या देखरेखीखाली. मागायची गरज नाही, हे व्हायलाच पाहिजे. डॉक्टरने दोन गोष्टी लिहायच्या : अंगावर कुठे कुठे जखमा किंवा माराच्या खुणा आहेत, आणि त्या साधारण कोणत्या वेळी झाल्या असाव्यात. आणि या कागदाची एक प्रत अटक झालेल्याला, किंवा तो सांगेल त्या माणसाला, डॉक्टरने द्यायची. "तो सांगेल त्या माणसाला" हे शब्द आपल्यासाठी आहेत. कोठडीत माणसाजवळ कागद टिकत नाही. म्हणून आपल्या माणसाने डॉक्टरपुढे नाव सांगायचं, "माझी प्रत माझ्या भावाला द्या." आणि भावाने दवाखान्याच्या दारात हजर राहायचं.

पण कायदा असला की काम झालं असं नाही. ही तपासणी फसते कशी तेही माहीत हवं. बहुतेक वेळा माणसाला ग्रामीण रुग्णालयात नेतात, डॉक्टरसमोर उभं करतात, हातात बेडी, दोन्ही बाजूला शिपाई. डॉक्टर विचारतो, "काही त्रास?" माणूस शिपायाकडे बघतो आणि म्हणतो, "नाही." डॉक्टर लिहितो, "ताज्या जखमा नाहीत." शर्टसुद्धा निघत नाही. दोन मिनिटांत सगळं आटोपतं आणि तोच कागद पुढे आपल्या विरोधात उभा राहतो. कारण कोर्टात पोलीस म्हणतात, बघा, डॉक्टरने लिहिलंय, काही नव्हतं.

यावर उपाय काय? पहिला, पोलीस खोलीबाहेर. छळाच्या खुणा कशा तपासायच्या याचे संयुक्त राष्ट्रांनी छापलेले जागतिक नियम आहेत, त्यांना इस्तंबूल प्रोटोकॉल म्हणतात. त्यात हेच सांगितलं आहे की तपासणी एकांतात व्हावी, पोलिसाला ऐकू येईल अशा ठिकाणी होऊ नये. आपल्या माणसाने किंवा वकिलाने डॉक्टरला शांतपणे म्हणायचं, "साहेब, शिपायांना दाराबाहेर उभं करा, पळून जाणार नाही." डॉक्टरने ऐकलं नाही तर निदान "पोलीस हजर होते" हे कागदात लिहायला सांगायचं.

दुसरा उपाय, कपडे काढून पूर्ण अंग दाखवायचं आणि जिथं दुखतं तिथं बोट ठेवायचं. हे आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे. आपली कातडी काळी-सावळी. गोऱ्या कातडीवर लाल-निळा वळ लगेच दिसतो, आपल्या कातडीवर तो नुसत्या नजरेला सापडत नाही. तिथं हातानं दाबून बघावं लागतं : सूज आहे का, कडक लागतंय का, दाबलं की दुखतं का. डॉक्टरने "सूज आहे, दाबल्यावर दुखते" एवढं लिहिलं तरी तो पुरावा आहे. लाठीच्या फटक्याची एक खास खूण असते. बारीक गोल लाठी बसली की कातडीवर दोन समांतर रेषा उमटतात आणि मधला भाग फिका राहतो. पडल्या-झडल्यानं तशा रेषा उमटत नाहीत. डॉक्टरला त्या दाखवायच्या. तळपायावर मारलं असेल तर वरून फारसं काही दिसत नाही, पण सूज असते आणि चालताना माणूस टाच टेकवत नाही. तेही सांगायचं.

वळाच्या रंगावरून डॉक्टर अंदाज बांधतात. सुरुवातीला लाल, मग निळा-काळा, पाच-सहा दिवसांनी हिरवट, आठवड्यानंतर पिवळट, आणि साधारण दोन आठवड्यांत जातो. हा नुसता अंदाज असतो, तासाचा हिशोब त्यातून निघत नाही. पण पोलीस म्हणाले की जखम अटकेच्या आठवडाभर आधीची आहे, आणि डॉक्टरला वळ लालच दिसतोय, तर ते म्हणणं टिकत नाही. म्हणून रंगही लिहून घ्यायचा.

तिसरी गोष्ट, खोलवरचा मार कधी कधी पहिल्या दिवशी दिसतच नाही. रक्त आतून वर यायला एक-दोन दिवस लागतात. त्यामुळे पहिल्या कागदात "काही नाही" असलं तरी हार मानायची नाही. डॉक्टरला गरज वाटली तर तो पुन्हा तपासू शकतो असं कलम ५३ मध्येच म्हटलं आहे. आणि मॅजिस्ट्रेटपुढे उभं केल्यावर पुन्हा तपासणी मागता येते.

आणि एक गोष्ट जिवाची आहे, ती बायाबापड्यांनी खास लक्षात ठेवा. मांड्या, पोटऱ्या, ढुंगण यांवर खूप मार बसला की आतलं मांस ठेचलं जातं. त्या ठेचलेल्या मांसातून जे रक्तात उतरतं ते मूत्रपिंडात जाऊन अडकतं. मग लघवी काळ्या चहासारखी होते आणि कमी होत जाते. अशा माणसाला वरून एक हाड मोडलेलं नसतं, डोक्याला जखम नसते, आणि तरी दोन-चार दिवसांत तो मरू शकतो. कागदावर मग "आजारानं मेला" असं येतं. सुटून आलेल्या किंवा भेटायला मिळालेल्या माणसाला आधी हे विचारा, "लघवीचा रंग कसा आहे?" काळसर म्हणाला तर त्याला गावात झोपवू नका, त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात न्या आणि डॉक्टरला स्पष्ट सांगा की मार बसलाय, लघवी काळी आहे. सलाईन आणि उपचार वेळेवर मिळाले तर माणूस वाचतो.

आता प्रश्न येतो की मारतातच का. राग, जात, मस्ती, हे सगळं आहे. पण त्याखाली एक कामाचं कारणही आहे. पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, हे इंग्रजांच्या काळापासून कायद्यात आहे. पण त्याला एक फट आहे. माणसाने सांगितल्यामुळे एखादी वस्तू सापडली, कुऱ्हाड म्हणा, चोरीचं भांडं म्हणा, तर तेवढं सांगणं कोर्टात चालतं. म्हणून मार बसतो तो बहुधा "माल कुठं लपवलास" यासाठी. जंगल खात्याचं तर आणखी वेगळं आहे. वन अधिकारी हा पोलीस नव्हे असं कोर्टांनी धरलेलं आहे. त्यामुळे त्याच्यापुढे दिलेला जबाब कोर्टात पुरावा म्हणून वापरायचा प्रयत्न होतो. म्हणून नाक्यावर, डेपोत, रेंज ऑफिसात नेऊन आधी जबाबावर सही-अंगठा मागतात. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही.

जंगल खात्याला अटकेचा अधिकार आहे, हे खरं. भारतीय वन कायदा १९२७, कलम ६४. महिना किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या वनगुन्ह्याचा संशय असला तर वॉरंटशिवाय पकडता येतं. पण त्याच कलमात पुढे लिहिलं आहे की विनाकारण वेळ न लावता त्याला मॅजिस्ट्रेटपुढे किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात न्यायचं. रेस्ट हाऊसवर, डेपोत रात्रभर बसवून ठेवायचा अधिकार त्यात नाही. आणि संविधानाच्या कलम २२ प्रमाणे, कोणीही पकडलं तरी २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायलाच पाहिजे. प्रवासाचा वेळ तेवढा वेगळा धरतात.

इथंच खरी चलाखी होते. "आम्ही अटक केली नाही, चौकशीला बोलावलं होतं." माणसाला सोमवारी सकाळी नेतात आणि कागदावर अटक मंगळवारी रात्री दाखवतात. कागदातला २४ तासांचा काटा मंगळवारी रात्रीपासून फिरायला लागतो. मधल्या दीड दिवसाची नोंद कुठेच नसते, आणि मार बसतो तो त्याच दीड दिवसात. या चोरलेल्या वेळेवर एकच इलाज आहे : आपली नोंद. माणसाला नेलं त्याच घटकेला पोलीस पाटलाकडे, ग्रामसभेच्या वहीत किंवा साध्या कागदावर लिहा. कोणाला नेलं, कुठून, किती वाजता, कोणी, छातीवरच्या पट्टीवर नाव काय होतं, गाडीचा नंबर काय, आणि नेताना तो धडधाकट होता का. चार जणांनी सह्या-अंगठे करा. त्याच दिवशी तालुक्याला जाऊन तो अर्ज तहसीलदाराला आणि पोलीस अधीक्षकाला द्या, पोचपावती घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पाठवा. पोस्टाच्या शिक्क्यावर तारीख असते, आणि तो शिक्का ठाणेदाराला बदलता येत नाही.

अटक दाखवतात तेव्हा अटकेचा पंचनामा करायचा असतो. त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते, आणि ज्याला पकडलं त्याचीही. त्यावरची वेळ आधी वाचा. खोटी असेल तर सहीच्या वर लिहा, "सोमवारी सकाळी नेले होते." लिहू देत नसतील तर सही करू नका, आणि तसा अर्ज वेगळा द्या.

मग येतं मॅजिस्ट्रेटचं कोर्ट. आपले लोक तिथं गप्प उभे राहतात. पण हा एकच क्षण असा असतो की पोलिसाच्या हातातला माणूस पोलिसावरच्या माणसासमोर उभा असतो. आपल्या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात, शीला बारसे यांनी लिहिलेल्या पत्रावर, सुप्रीम कोर्टाने १९८३ साली सांगितलं की मॅजिस्ट्रेटने पकडून आणलेल्या माणसाला विचारलंच पाहिजे, "पोलिसांनी मारलं का, काही तक्रार आहे का?" आणि त्याला डॉक्टरी तपासणीचा हक्क आहे हेही सांगितलं पाहिजे. घाईगर्दीत हे विचारलं जात नाही. म्हणून विचारायची वाट बघू नका. शर्ट वर करा आणि आपल्या बोलीत सांगा, "साहेब, मला मारलं, डॉक्टरकडं पाठवा." गोंडीत, कोरकूत, भिलोरीत बोललात तरी चालेल. वकील नसेल तर तो विनाखर्च मागता येतो. आदिवासीला तो मिळकतीची अट न घालता मिळतो, तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून.

आणि एवढं करूनही माणूस गेला तर? तेव्हा दोन दिवस आपल्या हातात असतात. कोठडीत मृत्यू झाला, किंवा कोठडीतून माणूस नाहीसा झाला, तर पोलिसांच्या तपासाशिवाय मॅजिस्ट्रेटची वेगळी चौकशी व्हायलाच पाहिजे. नव्या कायद्यात ते कलम १९६ आहे. त्या चौकशीला नातेवाइकांना कळवायचं आणि हजर राहू द्यायचं असंही त्यात आहे. म्हणून नातेवाइकांनी अर्ज द्यायचा, "आम्हाला हजर राहायचं आहे." पोस्टमार्टेमचं व्हिडिओ चित्रण व्हावं असं राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९५ पासून सगळ्या राज्यांना सांगितलेलं आहे, ते मागायचं. अंत्यविधीची घाई करायला सांगतात, गाडी देतात, पैसे पुढे करतात. पोस्टमार्टेमबद्दल शंका असेल तर घाईने जाळू नका. आपल्यात पुरायची रीत असेल तर पुरा, कारण पुरलेलं प्रेत मॅजिस्ट्रेटच्या हुकमानं पुन्हा तपासता येतं, राख तपासता येत नाही.

ठाण्यातल्या कॅमेऱ्याचंही सांगून ठेवतो. २ डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीत, व्हरांड्यात कॅमेरे लावायला आणि चित्रण दीड वर्ष ठेवायला सांगितलं. तसं साठवणारं यंत्र मिळत नसेल तरी निदान वर्षभर. पण "कॅमेरा बंद होता" हे उत्तर तयारच असतं. म्हणून पहिल्याच अर्जात लिहा, "अमुक तारखेचं चित्रण जपून ठेवा." मागणी लेखी असली की पुढे गहाळ झालं याचा जाब विचारता येतो.

शेवटचा मुद्दा देखरेखीचा. मारलं पोलिसाने आणि तपास त्याच ठाण्याचा, मग सत्य बाहेर येणार कसं? १९८५ साली विधी आयोगाने आपल्या ११३ व्या अहवालात सुचवलं होतं की कोठडीत असताना जखम झाली असा पुरावा असेल, तर ती पोलिसांनीच केली असं कोर्टाला धरता यावं आणि तसं नाही हे पोलिसांनी दाखवावं. ही सुधारणा कायद्यात अजून आलेली नाही. छळाविरुद्धच्या जागतिक करारावर भारताने १९९७ साली सही केली, पण तो पक्का स्वीकारलेला नाही आणि छळाविरुद्ध वेगळा कायदाही केलेला नाही. कबुलीसाठी मारहाण हा जुन्या कायद्यातही गुन्हा होता आणि नव्यातही आहे. साध्या दुखापतीला सात वर्षांपर्यंत, गंभीर दुखापतीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिक्षा लिहिलेली आहे, पण ती व्हावी म्हणून तपास दुसऱ्याने करायला पाहिजे, तिथंच गाडी अडते.

त्यातल्या त्यात आज जे आहे ते असं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग १९९३ मध्ये झाला. कोठडीतला मृत्यू किंवा बलात्कार झाला तर २४ तासांत जिल्हाधिकाऱ्याने आणि पोलीस अधीक्षकाने आयोगाला कळवायचं असतं. त्यांनी कळवलं का, हे बघत बसू नका. आपणही कळवा. मराठीत लिहिलेली तक्रार चालते, फी नाही. पण घटनेपासून एका वर्षाच्या आत लिहायला हवी, नंतर आयोग ती घेत नाही. आयोग कागद मागवतो, भरपाईची शिफारस करतो, गुन्हा दाखल करा म्हणतो. पण ती शिफारस असते, कोर्टाचा हुकूम नसतो. महाराष्ट्रात राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे, ते सुप्रीम कोर्टाच्या २००६ सालच्या प्रकाश सिंग निकालानंतर आलं. तिथंही अर्ज करा. पण या दोन्ही जागा आपल्यापासून दूर, शहरात आहेत. तिथं आपला माणूस रोज जाऊ शकत नाही. तिथं आपल्यासाठी बोलतो तो कागद : नेल्याच्या वेळेची गावाची नोंद, पोस्टाचा शिक्का, डॉक्टरची प्रत, मॅजिस्ट्रेटपुढे केलेल्या तक्रारीची नोंद. हे चार कागद असतील तर दिल्लीतला माणूसही विचारतो की सोमवारी सकाळी धडधाकट नेलेल्या माणसाच्या पाठीवर मंगळवारी दोन समांतर रेषा कुठून आल्या. कागद नसतील तर तो फक्त ठाण्यातून आलेला अहवाल वाचतो.

म्हणून आम्ही प्रत्येक गावाला एकच काम सांगतो. गावात दोन माणसं ठरवा, त्यात एक बाई असू द्या. लिहिता येणारी असतील तर बरं. ज्या दिवशी कोणाला नेतील त्या दिवशी त्या दोघांनी बाकी काही करायचं नाही. एकाने वेळ लिहून सह्या घेऊन तालुक्याला जायचं, आणि दुसऱ्याने ग्रामीण रुग्णालयाच्या दारात जाऊन बसायचं. बाकीचे ठाण्यासमोर बसतील, घोषणा देतील, ते हवंच. पण दवाखान्याच्या दारातली ती जागा रिकामी ठेवू नका.